लॅप्स झालेली टर्म पॉलिसी, हॉस्पिटलचं कारण आणि रिव्हायव्हल: वापरानंतरचा अनुभव

पाचपैकी तीन तारे. खरं तर अंडररायटिंग, म्हणजे अर्जदाराची तब्येत तपासून निर्णय देणाऱ्या विभागाला चार आणि कॉल सेंटरला एक, पण तशी वेगवेगळी सोय नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नियम सगळीकडे जवळपास सारखेच आहेत आणि त्रासही.

पॉलिसी २०१९ची, एक कोटीची साधी टर्म. वार्षिक हप्ता जीएसटी धरून १४,७५० रुपये, दरवर्षी १२ जानेवारीला माझ्या पगाराच्या खात्यातून ऑटो डेबिट. २०२५च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोटात असह्य कळ आली आणि मी नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. पित्ताशयातला खडा नळीत अडकून स्वादुपिंडाला सूज, म्हणजे ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस. आधी आयसीयू, मग वॉर्ड. कॅशलेसची मंजुरी यायच्या आत डिपॉझिट भरायचं होतं, म्हणून आमच्या यांनी माझं खातं रिकामं केलं. १२ तारखेला डेबिट बाउन्स झालं. त्याचा मेसेज माझ्या फोनवर आला, आणि फोन घरी ड्रॉवरमध्ये होता.

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड असतो, मासिक हप्त्याला १५. त्या काळात विमा चालूच असतो. काही बरंवाईट झालं तर थकलेला हप्ता वजा करून क्लेम मिळतो. म्हणजे मी आयसीयूत नळ्या लावून पडले होते तेव्हा एक कोटीचं संरक्षण शाबूत होतं. ११ फेब्रुवारीला ते संपलं, आणि तेव्हा मी घरी बसून मऊ भात खात होते. टर्म पॉलिसीला सरेंडर व्हॅल्यू नसते, त्यामुळे मागे काही शिल्लकही राहत नाही. ग्रेसमध्ये हप्ता भरायला पॉलिसीधारकाची सही लागत नाही आणि तब्येतीचं विचारत नाहीत. पॉलिसी नंबर आणि जन्मतारीख टाकून घरातलं कुणीही भरू शकतं. आमच्या घरी तो नंबर दुसऱ्या कुणाला माहीत नव्हता. आता फ्रिजवर चिकटवलाय.

ग्रेस संपल्यावर मात्र पॉलिसी लॅप्स होते, म्हणजे बंद पडते, आणि सगळंच बदलतं. टर्मसारख्या पॉलिसीत पहिल्या थकलेल्या हप्त्याच्या तारखेपासून पाच वर्षांपर्यंत रिव्हायव्हल, म्हणजे पॉलिसी पुन्हा चालू करणं, मागता येतं. मागता येतं एवढंच, हक्काने मिळत नाही. थकबाकी आणि व्याज भरायचं, तब्येतीचं डिक्लरेशन द्यायचं, कंपनी म्हणेल त्या तपासण्या बहुतेक वेळा स्वखर्चाने करायच्या आणि मग निर्णय त्यांचा: मान्य, जादा हप्त्याने मान्य, लांबणीवर किंवा नाकारलं.

आता तो एक तारा कशाचा ते सांगते. ॲपमध्ये ‘पुन्हा चालू करा’ असं मोठं हिरवं बटण आहे. दाबलं की रक्कम येते आणि खाली एक चौकोन: माझी प्रकृती उत्तम आहे, गेल्या हप्त्यानंतर मी रुग्णालयात दाखल झाले नाही, कोणती शस्त्रक्रिया झाली नाही वगैरे. एवढ्यावर टिक केली की पैसे भरायचं पान उघडतं. मी कॉल सेंटरला फोन करून सांगितलं की माझ्या बाबतीत हे खरं नाही. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ते सगळ्यांसाठी सेमच असतं. टिक करा, पॉलिसी लगेच ॲक्टिव्ह होईल.” झालीही असती. प्रश्न त्यानंतरचा आहे.

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर कंपनीला पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप घेता येत नाही. पण ही तीन वर्षं पॉलिसी घेतल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, रिव्हायव्हलची तारीख आणि रायडर म्हणजे जादा संरक्षण जोडल्याची तारीख, यांतली जी सर्वात शेवटची असेल तिच्यापासून मोजतात. माझी मूळ तीन वर्षं २०२२मध्येच पुरी झाली होती. रिव्हायव्हल झालं की मोजणी पुन्हा शून्यापासून. त्या तीन वर्षांत मी गेले असते, तर कंपनीने रुग्णालयाचे कागद मागवले असते, जानेवारीतली ॲडमिशन आणि ती टिक शेजारी ठेवली असती आणि क्लेम नाकारला असता. तेव्हा भांडायला मी नसते, हे असते. म्हणून टिक न करता शाखेत लेखी अर्ज दिला.

हे पत्र लिहिताना बहुतेक जण विनवणीचा सूर लावतात: इतकी वर्षं वेळेवर भरले, आजारपणामुळे राहिलं, सहानुभूतीने विचार व्हावा. माझा पहिला मसुदाही यांनी तसाच करून दिला होता. शाखेतल्या बाईंनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, उशीर का झाला हे तिथे कुणी बघणार नाही. आजार काय होता तेच बघतील.” अगदी खरं. तुम्ही ज्याला उशिराचं कारण म्हणता, ती अंडररायटरच्या लेखी नवीन वैद्यकीय माहिती असते. हॉस्पिटलमध्ये होते म्हणून नियमातून सूट मिळत नाही, उलट हॉस्पिटलमध्ये होते म्हणूनच फाईल उघडते. मग मी पत्र त्याच वाचकासाठी लिहिलं. इंग्रजीत दिलं होतं, मराठीत साधारण असं:

“माझा १२ जानेवारी २०२५चा हप्ता खात्यात रक्कम नसल्याने परत गेला. त्या वेळी मी पित्ताशयातील खड्यांमुळे झालेल्या ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिससाठी रुग्णालयात दाखल होते. मार्चमध्ये पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली. दोन्ही वेळची डिस्चार्ज समरी, बायोप्सी अहवाल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं आहे. सध्या कोणतंही औषध चालू नाही. थकीत हप्ता व्याजासह भरण्यास आणि आवश्यक तपासण्या करून घेण्यास मी तयार आहे. उशिराचं कारण लक्षात घेऊन व्याज माफ होऊ शकल्यास विचार करावा.”

व्याजाची ओळ शेवटी, एकच वाक्य. माफ झालं नाही. आमच्या पॉलिसीत दर वर्षाला ९ टक्के आहे, म्हणजे सहा महिन्यांचे साधारण ६६४ रुपये. त्यासाठी जास्त डोकं लावण्यात अर्थ नव्हता.

पत्र देण्याआधी मी डिस्चार्ज समरी एक एक ओळ वाचली, आणि बरं झालं. वरच्या बाजूला पूर्वीच्या आजारांत चक्क ‘डायबेटिस’ छापलं होतं. मला मधुमेह कधीच नव्हता. स्वादुपिंडाला सूज आली की इन्सुलिनचं गणित बिघडून साखर तात्पुरती चढते; आयसीयूत मला इन्सुलिन लागलं होतं, आणि कागद तयार करणाऱ्याने त्यावरून मधुमेही ठरवून टाकलं. शिवाय सवयींचा रकाना कोरा. पॅन्क्रियाटायटिसची दोन ठळक कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू. कारण खडा असेल तर पित्ताशय काढल्यावर तो आजार पुन्हा होण्याची भीती बरीच कमी होते. दारू असेल तर अंडररायटर फाईल तिथेच मिटतो. त्यामुळे कोरा रकाना मला चालणार नव्हता. सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घेतलं: आजार खड्यांमुळे, मद्यपानाचा इतिहास नाही, दाखल होण्यापूर्वी मधुमेह नाही, साखर आजारामुळे वाढली होती. दुरुस्त समरीसाठी रेकॉर्ड विभागात बऱ्याच चकरा झाल्या, पण मिळाली.

तरी कंपनीने एचबीएवनसी मागितलीच, आणि ते रास्त होतं. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. माझी ५.४ आली, म्हणजे मधुमेहाचा विषय संपला. सोबत यकृताच्या तपासण्या, स्वादुपिंडासाठी लायपेज आणि नवीन सोनोग्राफी. अंडररायटरचे प्रश्न नेमके होते, उगाच लांबड नव्हती. चार तारे त्याचे.

पहिला निर्णय मात्र ‘लांबणीवर’ असा आला: शस्त्रक्रियेपासून तीन महिने होऊ द्या, मग नवीन अहवालांसह अर्ज करा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अर्जासोबत भरलेली रक्कम कंपनी अनामत म्हणून ठेवते. ॲपमध्ये ‘पेमेंट मिळालं’ असं दिसतं, यांनी ते पाहून सुटकेचा निःश्वासही टाकला होता. पण कंपनीने रिव्हायव्हल मान्य केल्याचं कळवेपर्यंत विमा चालू झालेला नसतो. लांबणीवर टाकल्यावर ती रक्कम परत आली, तीही तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केल्यावर.

त्या मधल्या काळात नवीन पॉलिसी घ्यावी का, हाही विचार झाला. नवीन घेतली असती तर हप्ता आताच्या वयाच्या दराने लागला असता, रिव्हायव्हलमध्ये तो २०१९च्या वयाचाच राहतो. तपासण्या आणि तीन वर्षांची मोजणी दोन्हीकडे तीच. शिवाय नव्या कंपनीच्या अर्जात कोणतीही पॉलिसी नाकारली, लांबणीवर पडली किंवा लॅप्स झाली का, हे विचारतात, आणि मला ‘हो’ लिहावं लागलं असतं. थांबणं परवडलं. जादा हप्त्याचा प्रस्ताव आला असता तर त्याचं वेगळं संमतीपत्र येतं. तो जादा भार काही वर्षांपुरता आहे की पूर्ण मुदतीसाठी, हे मी आधी विचारून ठेवलं होतं, पण तशी वेळ आली नाही.

जूनमध्ये नवीन डिक्लरेशन भरलं, कारण जुनं तोवर शिळं झालं होतं. तपासण्याही पुन्हा केल्या. जुलैच्या मध्यावर मंजुरीचं पत्र आलं, मूळ दराने, कोणतीही अट न घालता. पत्रावर रिव्हायव्हलची तारीख स्पष्ट छापलेली आहे ना, ते पाहून घेतलं. कलम ४५ची तीन वर्षं तिथूनच मोजायची, म्हणजे जुलै २०२८पर्यंत. अर्जाची पोच, पत्र, दुरुस्त समरी, अहवाल सगळं एका फाईलमध्ये लावून यांच्या ताब्यात दिलंय.

पॉलिसी चालू झाली म्हणजे ऑटो डेबिट चालू झालं असं नाही, हे मला डिसेंबरमध्ये कळलं. लॅप्स झाल्यावर जुनं मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली ऑटो डेबिटची परवानगी, रद्द झालं होतं आणि ॲप त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतं. नवीन मँडेट यांच्या खात्यावर नोंदवलं. २०२६च्या जानेवारीचा हप्ता त्यातूनच गेला. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटी उरलेला नाही, त्यामुळे १४,७५० ऐवजी १२,५०० रुपयेच कापले गेले. ॲपमधलं ते हिरवं बटण आणि त्याखालची टिक मात्र अजून जशीच्या तशी आहे.