साखरपुड्याची अंगठी: टंगस्टन, टायटॅनियम की कोबाल्ट?

सोन्याच्या अंगठीची आपल्याला इतकी सवय असते की बोट जाड झालं तर सोनार ती वाढवून देईल, हे आपण गृहीतच धरतो. सोनं मऊ असतं; ते ठोकून ताणता येतं, किंवा कापून, मध्ये तुकडा घालून झाळता येतं. या तीन धातूंचं तसं नाही.

टंगस्टनची अंगठी म्हणजे खरं तर टंगस्टन कार्बाइड. ही भुकटी निकेल किंवा कोबाल्टच्या थोड्या मिश्रणाने दाबून, भट्टीत भाजून घट्ट करतात. वजन जवळपास १८ कॅरेट सोन्याइतकं भरतं आणि वर्षानुवर्षं ओरखडा उठत नाही. पण ती ताणली जात नाही, झाळताही येत नाही, त्यामुळे माप बदलणं विसराच.

मग बोट सुजलं तर? अंगठी कापण्याची नेहमीची चकती तिच्यावर नुसती घसरते. इथेच गंमत आहे: ती कापायची नसते, फोडायची असते. लॉकिंग पक्कड अंगठीवर जेमतेम टेकेल इतपत जुळवायची, सोडायची, स्क्रू किंचित आवळून पुन्हा दाबायची. असं दोन-चारदा केलं की कडक आवाज होऊन तडा जातो. तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा. ‘टंगस्टन अडकली तर बोटच कापावं लागतं’ ही निव्वळ अफवा आहे. उलट फरशीवर पडूनही ती फुटू शकते, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

टायटॅनियम फुटत नाही. त्याची घनता टंगस्टन कार्बाइडच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे अंगठी घातल्याचं जाणवतही नाही. शुद्ध टायटॅनियम हाताच्या कटरने वेळ लावून कापता येतं. ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ मिश्रधातूला मात्र मोटरवर चालणारी हिऱ्याची किंवा कार्बाइडची चकती लागते. उष्णता लवकर पसरत नाही, म्हणून बोट भाजू नये यासाठी पाणी सोडत राहावं लागतं. सोन्यासारखी ती फाकवताही येत नाही. बहुधा समोरासमोर दोन काप घ्यावे लागतात.

माप वाढवायचं तर आतून खरवडून. २० नंबरच्या अंगठीचा आतला घेर ६० मिलिमीटर, २२ चा ६२. म्हणजे आतून सुमारे ०.३ मिलिमीटर थर काढायचा. अंगठी २ मिलिमीटर जाड असेल तर चालतं, पण चार-पाच नंबर वाढवायचे तर ती पातळ पडते. लहान करणं जवळपास अशक्य, कारण तापवलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन शोषून ठिसूळ होतं.

कोबाल्ट-क्रोम दिसायला व्हाइट गोल्डसारखं, पण वर ऱ्होडियमचा मुलामा लागत नाही. किंचित ताणता येतं, चांगल्या चकतीने कापताही येतं. कोबाल्टची ॲलर्जी असेल तर टाळा.

यंत्रांवर काम करणारा असेल किंवा बोटं सुजण्याची सवय असेल, तर मी शुद्ध टायटॅनियम सुचवेन, आणि ग्रेड बिलावर लिहून घ्यायला सांगेन. टंगस्टनच घ्यायची ठरली तर माप संध्याकाळी द्या, सकाळी बोटं बारीक असतात. माप चुकलं तर अंगठी बदलून मिळेल का, तेही पैसे देण्याआधीच विचारा.