रोलिंग कोरिलेशनचा अलर्ट: काही महिने वापरल्यानंतर

पोर्टफोलिओत दहा वेगवेगळ्या होल्डिंग्ज आहेत म्हणजे धोका विभागला गेला, हे घेताना खरं असतं. सहा महिन्यांनी ते खरं राहिलंय का, हे मात्र होल्डिंग्जची यादी बघून कळत नाही. त्यासाठी आधी मी एका तयार अ‍ॅपमधला कोरिलेशन अलर्ट लावला होता; कोरिलेशन म्हणजे दोन होल्डिंग्जचे परतावे कितपत एकत्र हलतात याचं माप. आता तो बंद आहे आणि त्याच्या जागी स्वतःची छोटी स्क्रिप्ट रोज बाजार बंद झाल्यावर चालते.

अ‍ॅप वाईट नव्हतं. रंगीत तक्ता देखणा होता, गेल्या 60 दिवसांच्या परताव्यांवरून प्रत्येक जोडीचं कोरिलेशन दाखवायचा आणि एखादी जोडी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली की फोन वाजायचा. अडचण इथेच आहे. दहा होल्डिंग्जच्या 45 जोड्या होतात. दोन मालिकांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसला, तरी 60 नोंदींवर काढलेलं कोरिलेशन निव्वळ योगायोगाने उणे 0.25 ते अधिक 0.25 एवढं हलतं, आणि शंभरातल्या पाच वेळा त्याच्याही बाहेर जातं. म्हणजे 45 पैकी दोनेक जोड्या कायमच कुठेतरी भरकटलेल्या दिसणार. फोन वाजत राहतो, आपण बघणं सोडून देतो, आणि मग खरा अलर्टही त्याच ढिगात जातो.

म्हणून जोड्यांचा नाद सोडून एकच आकडा पकडला: डायव्हर्सिफिकेशन रेशो. प्रत्येक होल्डिंगची व्होलॅटिलिटी, म्हणजे परताव्यांची चढउतार, तिच्या वजनाने धरून सरासरी काढायची आणि तिला अख्ख्या पोर्टफोलिओच्या व्होलॅटिलिटीने भागायचं. सगळं एकत्रच हलत असेल तर उत्तर 1 येतं. होल्डिंग्ज एकमेकींचे धक्के जितके खातील तितकं ते वाढतं.

```python
r = np.log(px).diff().dropna()
C = r.tail(60).cov().values
dr = (w @ np.sqrt(np.diag(C))) / np.sqrt(w @ C @ w)
```

`px` म्हणजे बंद भाव, `w` म्हणजे वजनं. कोरिलेशन भावांवर नव्हे, परताव्यांवर काढायचं, एवढं इथे सांभाळावं लागतं. दोन्ही भाव वर्षभर वर चढत असले की ते जुळेच वाटतात, मग त्यांची रोजची हालचाल कितीही वेगळी असो.

हा आकडा कशासाठी हवा, ते एका हिशेबात दिसतं. समान वजनाच्या दहा होल्डिंग्ज घ्या, प्रत्येकीची वार्षिक व्होलॅटिलिटी 20 टक्के, आपसातलं सरासरी कोरिलेशन 0.2. पोर्टफोलिओची व्होलॅटिलिटी येते साधारण 10.6 टक्के आणि रेशो 1.89. आता बाजार शांत झाला, प्रत्येकीची व्होलॅटिलिटी 13 टक्क्यांवर उतरली, पण त्याच काळात कोरिलेशन 0.6 वर चढलं. पोर्टफोलिओची व्होलॅटिलिटी किती? 10.4 टक्के. जवळपास तेवढीच! जो माणूस फक्त पोर्टफोलिओची व्होलॅटिलिटी बघतो, त्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. रेशो मात्र 1.25 वर आलेला असतो. आणि ज्या दिवशी सुट्या होल्डिंग्जची व्होलॅटिलिटी पुन्हा 20 वर जाते, त्या दिवशी पोर्टफोलिओची व्होलॅटिलिटी 10.6 नाही तर 16 टक्के होते. रेशोचा वर्ग केला की किती स्वतंत्र पैजा हातात आहेत याचा अंदाज मिळतो: साडेतीनवरून दीडवर. नावं दहाच्या दहा तशीच.

डायव्हर्सिफिकेशन गुपचूप जातं ते असं, शांत बाजारात. पडझडीत सगळं एकत्र पडतं हे सर्वांना दिसतं, त्याला अलर्टची गरज नसते. शिवाय बाजार खवळलेला असताना मोजलेलं कोरिलेशन काही अंशी त्या खळबळीमुळेच फुगलेलं असतं. म्हणून वादळातला अलर्ट मी फारसा मनावर घेत नाही, शांततेतला लगेच उघडून बघतो.

मर्यादा मी अशा ठेवल्या आहेत: रेशो सलग पाच दिवस 1.4 च्या खाली राहिला तर मेल, आणि 1.55 च्या वर परतेपर्यंत दुसरा मेल नाही. मधली फट नसेल तर आकडा रेषेवर घुटमळतो आणि रोज मेल येतो.

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते 60 दिवसांच्या सरकत्या खिडकीच्या कडेने. समजा रोजची व्होलॅटिलिटी 1 टक्का आहे, सरासरी कोरिलेशन 0.25 आहे, आणि एके दिवशी सगळ्या होल्डिंग्ज मिळून 6 टक्के पडल्या. तो एकच दिवस 60 दिवसांचं कोरिलेशन 0.53 वर नेतो. पुढचे दिवस कितीही निवांत गेले तरी आकडा तिथेच टांगलेला. मग तो दिवस खिडकीबाहेर पडतो आणि एका संध्याकाळीत कोरिलेशन पुन्हा 0.25! त्या संध्याकाळी बाजारात काहीही झालेलं नसतं. असा ‘सगळं पूर्ववत’ मेल म्हणजे धादांत खोटा दिलासा.

ओळखायचा उपाय सोपा आहे. अलर्ट आला की स्क्रिप्ट खिडकीतला सर्वात मोठा दिवस वगळून रेशो पुन्हा काढते आणि दोन्ही आकडे मेलमध्ये शेजारी ठेवते. वगळल्यावर रेशो वर उडी मारत असेल तर ती एका दिवसाची करामत; जागचा हलत नसेल तर होल्डिंग्ज खरोखरच एकमेकींना चिकटू लागल्या आहेत. जुन्या दिवसांचं वजन हळूहळू कमी करणारी घातांकी सरासरीही चालते (रोजच्या नोंदींसाठी 0.94 हा गुणक बराच प्रचलित आहे). कडा तिथे गुळगुळीत होते. पण ती सरासरी ताज्या दिवसांना इतकं झुकतं माप देते की माझ्यासारख्या संथ गुंतवणूकदाराला ती जरा उतावळीच वाटते.

वेगवेगळ्या वेळी बंद होणाऱ्या बाजारांतल्या होल्डिंग्ज असतील तर रोजचे परतावे वापरूच नका. एका बाजारातली बातमी दुसऱ्यात उद्या उमटते, त्यामुळे कोरिलेशन खोटंच कमी दिसतं आणि अलर्ट झोपून राहतो. साप्ताहिक परतावे घ्यायचे. मात्र तेव्हा वर्षभराच्या 52 नोंदी लागतात आणि अलर्ट उशिरा येतो. सुट्टीच्या दिवशी आदला भाव पुढे ओढणारा डेटाही शून्य परतावे घुसवून असाच घोळ करतो.

60 दिवसांच्या जोडीला मी 250 दिवसांचा रेशोही ठेवतो, आणि त्याचं कारण 2022 आहे. त्याआधीची साधारण वीस वर्षं अमेरिकी शेअर्स आणि सरकारी बाँड्स बहुतेक काळ विरुद्ध दिशेने हलत होते आणि असंख्य पोर्टफोलिओ त्याच भरवशावर उभे होते. महागाई आणि व्याजदरवाढीत दोन्ही सोबत पडले: एस अँड पी 500 लाभांश धरून सुमारे 18 टक्के, अमेरिकी बाँड्सचा ब्लूमबर्ग अ‍ॅग्रिगेट निर्देशांक सुमारे 13 टक्के. असा बदल मुळातून झालेला असतो, महिनाभराचा गोंगाट नसतो. छोटी खिडकी तो लवकर पकडते पण खात्री देत नाही. मोठी खिडकी उशिरा बोलते. दोन्ही खाली असतील तेव्हाच मी पोर्टफोलिओला हात लावतो.

हात लावायचा म्हणजे काय, हे रेशो सांगत नाही, आणि या पद्धतीबद्दल माझी खरी तक्रार तीच आहे. म्हणून एकेक होल्डिंग काढून, उरलेली वजनं पुन्हा शंभर टक्क्यांवर आणून रेशो मोजणारा एक तक्ता मेलच्या तळाशी जोडला. जिला काढल्यावर रेशो सर्वात जास्त वाढतो, तिच्यात नवे पैसे टाकणं मी थांबवतो. विक्री सहसा करत नाही, कारण व्यवहाराचा खर्च आणि कर नक्की असतात, कोरिलेशन मात्र काही महिन्यांत परतही फिरू शकतं.