दोन फ्रिक्वेन्सीचा जीएनएसएस रिसीव्हर: आठ महिने वापरल्यावर

मी सांगलीत राहतो आणि खासगी मोजणीची कामं करतो, उपग्रहांचे सिग्नल पकडून जागा सांगणाऱ्या जीएनएसएस रिसीव्हरने. जुना रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे फक्त L1 पकडणारा होता. तो सोडून दोन फ्रिक्वेन्सीचा घेतला, त्याला आता आठ महिने झाले. बॅटरी दिवसभर टिकते, पोलचा क्लॅम्प मात्र दुसऱ्याच महिन्यात ढिला झाला. पण लिहायचं आहे ते वेगळंच.

तासगावकडच्या एका द्राक्षबागेत हद्दीच्या दगडावर जुनं मशीन सकाळी नऊ ते अकरा ठेवलं होतं. रीडिंग स्थिर व्हावं म्हणून स्मूदिंग, म्हणजे मोजमापांतला गोंगाट सरासरीने दाबणं, अर्ध्या तासाचं लावलं. उंची स्थिर व्हायची सोडून एकाच दिशेने सरकत गेली. बागवाले अण्णा म्हणाले, "दगड तर जागचा हलला नाही, मग तुमचं मशीन का हलतंय?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन एका उपग्रहाचा कच्चा डेटा उघडला. C1C म्हणजे उपग्रह लहरीवर चढवून पाठवतो त्या कोडवरून आलेलं अंतर. L1C म्हणजे फेज, लहरीचे मोजलेले फेरे, त्याला 0.1903 मीटरने गुणलं की तेही अंतरच. फेऱ्यांची सुरुवातीची संख्या कळत नाही, त्यामुळे दोघांत फरक असणारच, पण तो दोन तास तेवढाच राहायला हवा. तो मात्र हळूहळू वाढत आठ मीटरने वाढला होता.

कारण वर आहे. उन्हाने वरच्या हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि आयनांबर तयार होतो. हा प्लाझ्माच. त्यात लहरीचे शेंडे एका वेगाने धावतात, तो फेज वेग. त्या लहरीवर कोरलेला कोड दुसऱ्या वेगाने येतो, तो ग्रुप वेग. पुस्तकात त्याला 'गट वेग' म्हणतात, पण आमच्या धंद्यात गट म्हटलं की सातबाराच आठवतो. हे बघायचं असेल तर कृष्णेच्या घाटावर संथ पाण्यात मोठा दगड टाका, तरंगांचं गोल कडं पसरेल, त्यातल्या एकाच तरंगावर नजर ठेवा. तो कड्याच्या मागच्या बाजूला उगवतो, कड्यातून पुढे सरकतो आणि पुढच्या कडेला विरून जातो. तरंग पुढे पळतो, अख्खं कडं मागून सावकाश येतं.

प्लाझ्मात दोघांचं नातं नेमकं आहे:

vp × vg = c²

vp म्हणजे फेज वेग, vg ग्रुप वेग, c प्रकाशाचा वेग. एक प्रकाशापेक्षा जितका पुढे, दुसरा जवळपास तितकाच मागे. एका घनमीटरमध्ये 10¹² इलेक्ट्रॉन धरले तर प्लाझ्माची स्वतःची फ्रिक्वेन्सी सुमारे 9 मेगाहर्ट्झ येते. L1 आहे 1575.42 मेगाहर्ट्झवर. हिशेब केला तर शेंडे प्रकाशापेक्षा सेकंदाला सुमारे 4.9 किलोमीटर जास्त वेगाने जातात आणि कोड तेवढाच कमी वेगाने. प्रकाशाला मागे टाकलं म्हणून दचकायला नको. एकसारख्या शेंड्यांत निरोप नसतो. निरोप कोडमध्ये असतो, आणि तो मागेच राहतो.

म्हणजे कोडचं अंतर जितकं लांब येतं, फेजचं तितकंच आखूड. ऊन चढलं तसा त्या उपग्रहाच्या कोडला आयनांबरात होणारा उशीर, अंतरात मोजला तर, 3 मीटरवरून 7 मीटरवर गेला. कोड 4 मीटरने वाढला, फेज 4 ने घटला, दोघांतला फरक 8 ने वाढला. स्मूदिंगमध्ये कोडचा गोंगाट फेजच्या आधाराने दाबतात, म्हणजे उलट्या दिशेने चाललेल्याला वाटाड्या केलेला. 100 सेकंदांचं स्मूदिंग असतं तर चूक 11 सेंटिमीटरच्या आसपास राहिली असती. माझ्या अर्ध्या तासाच्या हावेने ती दोन मीटरपर्यंत नेली.

नव्या मशीनला L2 सुद्धा मिळतो, 1227.60 मेगाहर्ट्झवर. उशीर फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून L2 चा कोड जास्त रखडतो. एका दुपारी, यंत्रांचा स्वतःचा फरक वजा केल्यावर, दोन कोडांच्या अंतरात 5.2 मीटरचा फरक आला. त्याला 1.546 ने गुणलं की L1 चा उशीर निघतो, सुमारे 8 मीटर. तो कोडमधून वजा करायचा आणि फेजमध्ये मिळवायचा. हे अधिक-उणे चिन्ह चुकलं की दुरुस्तीऐवजी चूक दुप्पट होते. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये मी नेमकं हेच केलं.

फुकट काही नाही. या वजाबाकीत कोडचा गोंगाट साधारण तिप्पट होतो. मोकळ्या रानात चालून जातं, पण आंब्याखाली किंवा पत्र्याच्या शेडजवळ आकडे नाचतात. बेस, म्हणजे माहीत असलेल्या जागेवर ठेवलेलं दुसरं मशीन, एक-दोन किलोमीटरवर असेल तर दोन्ही मशीनवरचा प्लाझ्मा जवळपास सारखाच असतो आणि आपोआप कटतो, मग L1 वरही भागतं. माझी कामं जतपर्यंत पसरलेली आहेत, म्हणून मला परवडलं.

अण्णांच्या दगडावर परत जाऊन दुपारी दोन वाजता, मुद्दाम भर उन्हात, पुन्हा दोन तास मशीन ठेवलं. उंची सरकली नाही. अण्णांनी चहा दिला आणि शेजारच्या बांधाचीही मोजणी त्याच पैशात करून मागितली.