हॉटेलचं बिल मित्रांत वाटायचंय: काउंटरवर टीटीएमएम, एकाने भरून क्यूआर, की ॲपमधला गट?

यूपीआय नवीन घेतलेल्या माणसाला वाटतं, ॲपमध्ये एक बटण असेल, ते दाबलं की बिलाची वाटणी झाली. बटण आहे, पण ते सगळ्यांच्या उपयोगाचं नाही. कोणाचे किती हे काढणं एक काम आणि ते पैसे भरणाऱ्याच्या खात्यात पोचवणं दुसरं. दुसरं काम ॲप चोख करतं. पहिलं मात्र फक्त समान वाटे असतील तरच, नाहीतर आकडे आपल्यालाच भरावे लागतात. म्हणून आधी बिलाकडे बघायचं, मग मार्ग ठरवायचा.

पुण्यातल्या एखाद्या परमिट रूमवाल्या गार्डन हॉटेलातलं पाच जणांचं जेवण घेऊ. दाल तडका, जीरा राईस, रोट्या, पापड, पनीरचं स्टार्टर हे सगळ्यांनी मिळून खाल्लं: १,५०० रुपये. चिकन हंडी आणि सुरमई फ्राय तिघांनी खाल्लं: ९०० रुपये. त्या तिघांतल्या दोघांनी बिअर घेतली: ८०० रुपये. खाण्याच्या २,४०० वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२०. दारू जीएसटीत येत नाही. महाराष्ट्रात परमिट रूमच्या दारूवर १० टक्के व्हॅट लागतो, म्हणजे ८०. एकूण ३,४०० रुपये.

सरसकट पाचाने भागलं तर प्रत्येकी ६८०. खाल्ल्याप्रमाणे काढलं तर चित्र असं दिसतं:

| कोण | समान वाटा | खाल्ल्याप्रमाणे |
|---|---|---|
| शाकाहारी, न पिणारे (दोघे, प्रत्येकी) | ६८० | ३१५ |
| मांसाहारी, न पिणारा (एक) | ६८० | ६३० |
| मांसाहारी आणि बिअर (दोघे, प्रत्येकी) | ६८० | १,०७० |

ही बेरीज जुळते, कारण कर ज्याच्या त्याच्या पदार्थाला लावला आहे: सामायिक ३०० वर १५ रुपये जीएसटी, मांसाहाराच्या ३०० वर आणखी १५, आणि बिअरच्या ४०० वर ४० रुपये व्हॅट. बिअरचा व्हॅट पनीर खाणाऱ्याच्या माथी मारायचा नाही. बऱ्याच ठिकाणी खाण्याचं आणि दारूचं बिल वेगळं छापून येतं, तेव्हा हे सोपं जातं. बिलात सर्व्हिस चार्ज घातला असेल, तर तो वाटायच्या आधी कॅप्टनला बोलवून काढायला सांगा. तो देणं ऐच्छिक आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ च्या निकालात तो सक्तीने घेता येणार नाही हेच म्हटलं आहे.

आता हे पैसे कसे द्यायचे ते बघू.

काउंटरवर ज्याचे त्याने

प्रत्येकाने हॉटेलच्याच क्यूआरवर आपापली रक्कम भरायची. सगळ्यांत प्रामाणिक मार्ग, कोणाचं कोणाकडे काही राहत नाही. मित्र नसून ऑफिसातली ओळखीची माणसं असतील, किंवा परत कधी भेटतील याची खात्री नसेल, तर हाच घ्यावा. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर त्यातून पैसे देण्याची संधीही इथेच मिळते, कारण ते कार्ड दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, मित्राच्या खात्यावर चालत नाही.

अडचण आहे ती काउंटरवरच्या माणसाची. साउंडबॉक्स पाच वेळा बोलणार, त्याने पाचही आकडे बेरजेला धरायचे, आणि मागे रांग. शनिवारी रात्री नऊ वाजता बरेच मॅनेजर सरळ सांगतात, "एकाच्याच फोनवरून करा साहेब." त्यात एखाद्याचे पैसे खात्यातून गेले आणि हॉटेलला आल्याचं दिसलं नाही, की सगळे खोळंबले. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला दिलेले, अडकलेले पैसे व्यवहाराचा दिवस सोडून पुढच्या ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पण हॉटेल तोवर थांबणार नाही. त्या मित्राचे तेवढे पैसे दुसऱ्या कोणीतरी भरायचे आणि निघायचं.

एकाने भरायचं, बाकीच्यांनी त्याला पाठवायचं

बहुतेक टोळक्यांत हेच चालतं आणि माझंही मत याच बाजूने आहे. युक्ती एवढीच की हिशेब घरी जाऊन करायचा नाही, टेबलावरून उठायच्या आधी करायचा. भरणाऱ्याने बिलाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, खाली चार ओळी लिहायच्या: कोणाचे किती. मग आपल्या ॲपमध्ये प्रोफाइल फोटोवर टॅप करून स्वतःचा क्यूआर उघडायचा आणि फोन टेबलाच्या मधे ठेवायचा. बाकीचे चौघे तो स्कॅन करून, रक्कम टाकून, पिन देऊन मोकळे. एक फोनपेवर, दुसरा गुगल पेवर, तिसरा बँकेच्या ॲपवर असला तरी फरक पडत नाही. यूपीआय एकमेकांशी बोलतं, हीच तर त्याची खुबी.

फोन नंबरवर पाठवत असाल तर रक्कम टाकण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचा. समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव तिथे दिसतं. आपण नंबर 'पिंट्या हॉस्टेल' म्हणून जतन केलेला असतो, बँकेत तो पूर्ण नाव-आडनावासह असतो. ते ओळखीचं वाटलं नाही तर पुढे जाऊ नका, विचारा. चुकून भलत्याला गेलेले पैसे परत मिळवणं जिकिरीचं असतं.

भरणारा कोण असावा? अगदी नवीन यूपीआय घेतलेला माणूस नको. नोंदणी केल्यापासून पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, आणि आयफोनवर काही बँका हा काळ ७२ तासांपर्यंत ताणतात. फोन बदलला तरी हेच होतं. आपलं ३,४०० चं बिल त्यात बसलं असतं, पण दहा जणांचं बसणार नाही, आणि मग काउंटरवर पैसे अडकल्यावर कारणही कळत नाही. नवख्याने वाटा पाठवणाऱ्यांत राहावं. ३१५ सारखी रक्कम तर यूपीआय लाइटमधून, पिन न टाकताही जाते. त्याची एका व्यवहाराची मर्यादा १,००० रुपये आहे, मात्र त्यात आधी पैसे भरून ठेवावे लागतात.

वाटा पाठवताना व्यवहार 'पेंडिंग' दिसला तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. दोन व्यक्तींमधला व्यवहार अडकला तर पैसे एकतर पोचतात, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत परत येतात, आणि त्यापेक्षा उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई देणं अपेक्षित आहे. व्यवहाराच्या तपशिलात यूटीआर नावाचा १२ आकडी क्रमांक असतो. "पाठवलेत रे" आणि "आले नाहीत रे" हा वाद तो क्रमांक आणि भरणाऱ्याच्या खात्याचं स्टेटमेंट समोर ठेवून मिटतो. नुसता हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नये.

ॲपमधला गट

गुगल पेमध्ये मित्रांचा गट करता येतो. त्यात एकूण खर्च टाकला की ॲप तो तुम्हाला धरून समान वाटतं. हवं तर एखाद्याचं नाव काढता येतं किंवा प्रत्येकासमोरचा आकडा बदलता येतो. मग गटातल्या प्रत्येकाला आपला वाटा दिसतो, कोणी दिला आणि कोण राहिलाय हेही दिसतं. भीम ॲपच्या मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीतही खर्च वाटण्याची सोय आहे, आणि भीम मराठीत वापरता येतं, हे आईवडिलांच्या वयाच्या भिशी ग्रुपला सोयीचं.

आपल्या उदाहरणात काय होईल? ३,४०० टाकले की ॲप प्रत्येकासमोर ६८० लिहील. मग ३१५, ३१५, ६३०, १,०७०, १,०७० हे आकडे हातानेच बदलायचे. म्हणजे कागदावरचं गणित टळलं नाही, फक्त वसुलीची नोंद आयती झाली. ती नोंद हाच या मार्गाचा खरा फायदा: "अरे तुझे राहिलेत" हे तोंडाने म्हणावं लागत नाही, यादी सगळ्यांसमोर असते. दर शनिवारी भेटणारा, साधारण सारखंच खाणारा कंपू असेल तर हे छान. एकदाच जेवायला जमलेल्यांसाठी गट करण्यात वेळ घालवू नका, विशेषतः त्यात एकजण दुसऱ्या ॲपवाला असेल तर. सगळे एकाच ॲपवर नसतील तर हा मार्ग लंगडा पडतो.

इथे नवख्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. पूर्वी कोणीही कोणालाही पैसे मागणारी विनंती यूपीआयवर पाठवू शकायचं, आणि समोरच्याने पिन टाकला की त्याचेच पैसे कापले जायचे. त्या वाटेने फसवणूक फार व्हायची, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधल्या अशा विनंत्या बंद केल्या. त्यामुळे गटात वाटा दिसला तरी पैसे आपण स्वतः ॲप उघडून, रक्कम बघून पाठवायचे. आणि भरणाऱ्याला पैसे येताना पिन कधीच लागत नाही. "तुमचे ६८० परत मिळवायला पिन टाका" असं कोणी म्हटलं की तो मित्र नाही, भामटा आहे.

हिशेबाचं वेगळं ॲप

स्प्लिटवाइजसारखी ॲप एका जेवणासाठी उघडू नका. त्यांची गरज लागते ती गोव्याच्या किंवा महाबळेश्वरच्या सहलीला, जिथे गाडीत पेट्रोल एकाने टाकलं, खोली दुसऱ्याने घेतली, रात्रीचं बिल तिसऱ्याने भरलं. अशा वेळी ॲप सगळी उलटसुलट देणी एकत्र करून शेवटी कोणी कोणाला एकच रक्कम द्यायची ते सांगतं. वाटे समान, टक्क्याने किंवा नेमक्या रकमेनेही टाकता येतात. फुकटच्या आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी होतात, म्हणून चहा-वडापावच्या नोंदी दिवसाअखेर एकत्र टाका. आणि हिशेब तिथे मिटला असं लिहिल्याने पैसे जात नाहीत. ते शेवटी यूपीआयवरूनच पाठवायचे आणि मग ॲपमध्ये 'दिले' अशी खूण करायची.