जुन्या दराची पोस्ट: काढून टाकावी की बाजूला ठेवावी?

फोंड्यातील एखादी गृहिणी चवथीसाठी नेवऱ्या आणि लाडू करून विकते आणि ऑर्डरी इन्स्टाग्राम व फेसबुकवरून घेते, असे धरू. गेल्या वर्षीच्या पोस्टमध्ये दर फोटोवरच छापलेला आहे. खोबरे आणि साखर महागल्यामुळे यंदा तो वाढवावा लागला, पण जुनी पोस्ट पाहून लोक जुन्याच दराने मागणी करत आहेत. दर मजकुरात असता तर तो बदलून काम भागले असते. फोटोवरचा आकडा मात्र तसा बदलता येत नाही. त्यातच पोस्टखाली गिऱ्हाइकांनी मनापासून लिहिलेल्या प्रतिक्रिया आहेत, ज्या वाचून नवीन माणूस विश्वासाने ऑर्डर देतो.

पोस्ट डिलीट केली की या प्रतिक्रियाही तिच्याबरोबर जातात. इन्स्टाग्रामवर ती "Recently deleted" मध्ये आणि फेसबुकवर "Trash" मध्ये साधारण 30 दिवस राहते आणि तेवढ्या मुदतीत परत आणता येते. त्यानंतर ती कायमची जाते. चवथीच्या धांदलीत केलेले डिलीट पुढच्या वर्षी पस्तावण्यासारखे ठरते, ते या मुदतीमुळे.

"Archive" केलेली पोस्ट इतरांना दिसत नाही, पण लाइक आणि प्रतिक्रियांसह आपल्या खात्यात सुरक्षित राहते. तिला 30 दिवसांची मर्यादा नाही. इन्स्टाग्रामवर परत आणल्यावर ती सर्वांत वर न येता आपल्या मूळ तारखेच्या जागी बसते, त्यामुळे जुनी पोस्ट नवी म्हणून पुढे येण्याची भीती नसते.

सर्वाधिक गैरसमज होतो तो फेसबुकवरील "Hide from profile" या पर्यायाबाबत. त्याने पोस्ट केवळ आपल्या प्रोफाइलवरून नाहीशी होते. ज्यांच्यासाठी ती टाकली होती, त्यांना ती फीडमध्ये किंवा शोधातून सापडू शकते. जुन्या दराची अडचण त्याने सुटत नाही. दुसऱ्याने आपल्याला टॅग केलेला फोटो प्रोफाइलवर नको असेल, तर तो पर्याय योग्य आहे, पण तो फोटो टाकणाऱ्याच्या खात्यावर तसाच राहतो.

पिन करणे याच्या उलट दिशेचे काम आहे. इन्स्टाग्रामवर 3 पोस्टपर्यंत प्रोफाइलच्या माथ्यावर ठेवता येतात, पण खालच्या पोस्ट त्यामुळे लपत नाहीत. केवळ नवा दर पिन केला, तर खाली सरकत जाणाऱ्याला जुना दर भेटतोच.

म्हणून माझ्या मते या गृहिणीने जुनी पोस्ट आर्काइव्ह करावी आणि नव्या दराची पोस्ट पिन करावी. डिलीट हा मार्ग चुकीचा मजकूर, किंवा दुसऱ्याचा फोन नंबर असलेला फोटो अशा, पुन्हा कधीही नको असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवावा. कोणी आधीच घेतलेला स्क्रीनशॉट यांपैकी कोणत्याच पर्यायाने परत घेता येत नाही; तो व्हॉट्सअॅपवर फिरत असेल, तर नव्या पोस्टमध्ये दर कोणत्या तारखेपासून लागू आहे ते स्पष्ट लिहावे लागेल. शिवाय आर्काइव्ह झाल्याची खात्री आपल्या खात्यातून न करता घरातील दुसऱ्या कोणाच्या फोनवरून जुनी लिंक उघडून करावी, कारण आपल्याला आर्काइव्हमधील पोस्ट दिसतच राहते.