आवडींची यादी की एक डोमकळी?

वणीकडच्या एका पोराने परदेशातल्या मास्टर्ससाठी प्रोफाइलचे दोन मसुदे दाखवले.

पहिल्यात आवडी चार: मशीन लर्निंग, इमेज प्रोसेसिंग, आयओटी, ब्लॉकचेन. खाली सात प्रोजेक्टची नुसती नावं. असा पोरगा कोणत्याही लॅबला चालेल, म्हणजे कोणत्याच नाही. फक्त कोर्सवर्कची पदवी असेल, तर प्रवेश समिती मुख्यतः गुण आणि विषय बघते. तिथे यादी खपून जाते.

दुसऱ्यात एकच प्रोजेक्ट, घरच्या कपाशीतला. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की वरून दिसत नाही, म्हणून त्याने मोबाइलवर डोमकळ्यांचे, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेल्या फुलांचे, आणि चांगल्या फुलांचे ६४० फोटो काढून मॉडेल शिकवलं. अचूकता ९४ टक्के! मग लक्षात आलं, एकाच झाडाचे फोटो शिकवणीतही होते आणि चाचणीतही. झाडं वेगळी केल्यावर अचूकता ७१. हे त्याला खोडायचं होतं.

"राहू दे ना बापा," मी म्हटलं. आपली चूक स्वतः पकडणारा विद्यार्थी प्राध्यापकाला तिथेच दिसतो. आवडीच्या ओळीत आता प्रश्न आहे: न पाहिलेल्या शेतातही मॉडेल टिकेल कसं?