आजीच्या मळ्याचं प्रकरण: वर्तमानकाळ की भूतकाळ?

रावेरकडच्या केळीच्या मळ्यावरचं माझ्या आठवणींचं प्रकरण आठ महिने तुकड्यांनी लिहिलं गेलं. एका पानावर ‘आजी कळण्याची भाकरी थापतेय, मी दारात उभा आहे’, तर पुढच्या पानावर ‘तो पोरगा घाबरला होता’. तो पोरगा म्हणजे मीच.

सगळं वर्तमानकाळात, नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेतून आणलं तर चुलीचा धूर जवळ येतो. पण ‘मळा गहाण होता, हे पुढे कळलं’ हे वाक्य काढावंच लागतं, कारण त्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. माझ्या प्रकरणाचा जीवच त्या वाक्यात आहे.

म्हणून मी भूतकाळ आणि आजचा ‘मी’ निवडला. यात ‘होती, होता’ची रांग लागते. त्यावर उपाय रीतिभूतकाळ: रोजचं ते ‘आजी पहाटे उठायची’, त्या एका दिवसाचं ते ‘आजी उठली’. ‘तो पोरगा’ सगळीकडे ‘मी’ झाला.

दोन गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. आजीचं तिच्या बोलीतलं ‘काय करी ऱ्हायना रे?’ तसंच राहिलं; आणि ‘तापी पश्चिमेला वाहते’ हेही, कारण ती आजही तशीच वाहते.